नावाचा फेरफार

वरवट बकालच्या बाजारात एका कृषी केंद्राच्या काउंटरवर काचेखाली एक कागद दाबून ठेवला होता. कागदावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड होता आणि खाली लिहिलं होतं : ‘तालुक्याच्या बातम्या, पाऊसपाणी, बाजारभाव : स्कॅन करा.’ मी फोन धरला. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग इंग्रजीत एक ओळ आली, `This account doesn’t exist`. असं खातंच अस्तित्वात नाही.

दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, “मंग बंद पडलं अशीन ते.” बंद पडलं नव्हतं. ज्या पोरानं तो कागद तिथं लावला होता तो त्याच सकाळी त्याच खात्यावरून वान नदीच्या पाण्याबद्दल लिहीत होता आणि दहाएक हजार माणसं ते वाचत होती. त्यानं फक्त खात्याचं नाव बदललं होतं.

या पोराचं नाव इथं देत नाही, त्याच्या खात्याचंही नाही. त्यानं तशी विनंती केली आहे. सोयीसाठी जुन्या हँडलला `june_naav` आणि नव्याला `nave_naav` म्हणू. गाव संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. खात्याचा व्याप साधाच : संत्र्याचा भाव, वीज कधी येणार, कुठल्या रस्त्यावर पाणी आलं. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली, तेव्हा कुठला पूल बंद आहे हे लोकांना तिथून कळत होतं. पुढं नाव बदलायची वेळ का आली, तर संग्रामपूर नावाची गावं देशात बरीच आहेत. बिहारमध्ये मुंगेर जिल्ह्यात एक आहे, पूर्व चंपारणात एक आहे. तिथले लोक ह्याच्या पोस्टखाली येऊन आपल्या तक्रारी लिहीत आणि आपल्या तालुक्यातला माणूस शोधायला गेला की भलत्याच संग्रामपुरात पोचे. नावात बुलढाण्याची खूण हवी होती.

“काका, नाव त म्या दोन मिंटात बदललं,” तो म्हणाला. “पन त्यानंतर दोन महिने निस्तरत बसलो.”

त्याचे ते दोन महिने हाच या लेखाचा विषय आहे. त्यानं जे केलं, जे चुकलं आणि दुसऱ्यांदा जे नीट केलं, ते मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ही गोष्ट समजवायला एक कागद पुरतो, सातबारा. जमीन ओळखली जाते ती गट नंबरानं. मालकाचं नाव त्या नंबरासमोर लिहिलेलं असतं. बाप गेला, वाटणी झाली, जमीन विकली, की तलाठ्याकडे फेरफार होतो आणि नाव बदलतं. गट नंबर तोच राहतो, आणि विहीर, बांधावरचा बोर, सोसायटीचा बोजा हे सगळं त्या नंबराला चिकटलेलं असतं.

एक्स, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्यावरचं खातंही असंच असतं. प्रत्येक खात्याला आत एक क्रमांक असतो. तो खातं उघडताना मिळतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. फॉलोअर त्या क्रमांकाला जोडलेले असतात, पोस्ट त्याला जोडलेल्या असतात, निरोपही त्यालाच. `@` लावून लिहितो ते हँडल म्हणजे त्या क्रमांकावर लावलेली पाटी. पाटी बदलली म्हणून एकही फॉलोअर जात नाही, त्यांना पुन्हा फॉलो करावं लागत नाही, त्यांच्याकडे आपोआप नवी पाटी दिसू लागते.

म्हणूनच पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे नव्या नावानं नवं खातं उघडणं आणि ‘आता इथं या’ असं जुन्यावर लिहिणं. ह्यानं आधी तेच केलं होतं. नव्या खात्यावर आठवड्याभरात काही शे माणसं आली, बाकीची जुन्या ठिकाणीच राहिली, कारण हातातलं काम सोडून कोणी दुसऱ्या खात्यावर जाऊन बटण दाबत नाही. नवं खातं म्हणजे नवा गट नंबर, त्यावर विहीर नसते. शेवटी त्यानं ते नवं खातं बाजूला सारलं आणि जुन्याच खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नाव बदललं. एक्सवर ती वाट `Settings and privacy`, मग `Your account`, मग `Account information`, मग `Username` अशी आहे. फॉलोअर जागच्या जागी राहिले.

मग कृषी केंद्रातला कागद का मेला? कारण फॉलोअर क्रमांकाला बांधलेले असतात, पण लिंका सगळ्या तशा नसतात. काही लिंकांमध्ये क्रमांक असतो, काहींमध्ये पाटीवरचं नाव असतं. कोणती लिंक कुठल्या जातीची हे ओळखता आलं की पुढचं सगळं सुचतं.

एक्सवरच्या एखाद्या पोस्टची लिंक अशी दिसते : `x.com/june_naav/status/` आणि पुढं लांबलचक आकडा. नाव मध्ये दिसतं खरं, पण यंत्रणा ते वाचतच नाही, ती आकडा वाचते. म्हणून नाव बदलल्यावरही जुन्या पोस्टची लिंक उघडते आणि वरच्या पट्टीत आपोआप नवं नाव येतं. ती खूण पाहायची : जुनं नाव टाकलं, नवं नाव उमटलं, म्हणजे लिंक जिवंत. पण नुसत्या खात्याची लिंक, `x.com/june_naav`, हिच्यात आकडाच नाही. तिच्याकडे नावाखेरीज काही नसतं, आणि ते नाव आता कोणाचंच नाही. वरवट बकालच्या क्यूआर कोडमध्ये नेमकी हीच लिंक भरलेली होती. लोकांनी आपल्या पोस्टमध्ये `@june_naav` असा उल्लेख केला असेल, तोही असाच निकामी होतो. दुसऱ्यांच्या पोस्टमधला मजकूर आपण बदलू शकत नाही, आणि एक्सही बदलत नाही.

इन्स्टाग्रामवर पोस्टची लिंक `instagram.com/p/` आणि पुढं एक संकेत अशी असते, रीलची `instagram.com/reel/` अशी. त्यांच्यात नाव नसलं तरी चालतं, त्यामुळे त्या टिकतात. फोटोवर केलेलं टॅगही खात्याबरोबर येतं. खात्याची लिंक मात्र तुटते. यूट्यूबवर व्हिडिओची लिंक अकरा अक्षरांच्या संकेतावर चालते, तिला नावाशी देणंघेणं नाही. चॅनेलची एक कायमची लिंकही असते, `youtube.com/channel/UC` आणि पुढं बावीस अक्षरं, तीही कधी तुटत नाही. तुटते ती `youtube.com/@june_naav`. व्हॉट्सअॅप चॅनेलच्या लिंकमध्ये नाव नसतंच, नुसता संकेत असतो, म्हणून तिथं नाव शंभरदा बदला, लिंक तीच. आमच्या भागात निम्म्याहून जास्त माणूस व्हॉट्सअॅपवरच असतो, त्यामुळे ह्याचं तिथं काहीच बिघडलं नाही.

टेलिग्रामचं मात्र उलट आहे आणि ते नीट ध्यानात ठेवावं. तिथल्या जाहीर चॅनेलमधल्या संदेशाची लिंक `t.me/june_naav/57` अशी असते. ५७ हा त्या चॅनेलमधला सत्तावन्नावा संदेश एवढाच त्याचा अर्थ, तो सबंध टेलिग्राममधला वेगळा क्रमांक नव्हे. म्हणजे वाट सांगणारं नावच आहे. नाव बदललं की आजवर कुणी कुणाला पाठवलेल्या झाडून सगळ्या लिंका मेल्या. सदस्य राहतात, लिंका राहत नाहीत. ह्यानं बाजारभावाचे जुने तक्ते टेलिग्रामवर ठेवले होते आणि ते पाच-सहा गावांच्या गटांत फिरत होते. त्यानं तिथलं हँडल बदललंच नाही. वरचं दिसणारं नाव बदललं, लिंकेतलं तसंच ठेवलं. मला वाटतं हा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय. सगळीकडे एकच हँडल हवं हा हट्ट पुष्कळ लोक धरतात. पण जिथं संदेशाची लिंक नावाशिवाय उघडतच नाही, तिथं नावाला हात लावण्याचं काही कारण नाही.

हे सगळं ज्यांनी उघड्यावर भोगलं त्यांची उदाहरणं आपल्या समोर आहेत. २०१४ च्या मे महिन्यात केंद्रात सरकार बदलत होतं. जाणाऱ्या पंतप्रधान कार्यालयानं `@PMOIndia` हे खातं `@PMOIndiaArchive` असं करून टाकलं. हेतू दफ्तर जतन करण्याचा होता, पण खातं तेच असल्यामुळे त्यावरचे बारा लाखांच्या घरातले फॉलोअरही त्या दफ्तराबरोबर गेले आणि `@PMOIndia` हे नाव उघडं पडलं. येणाऱ्या पक्षानं त्यावर मोठा आक्षेप घेतला. अमेरिकेत २०२१ च्या २० जानेवारीला हाच खेळ सुलट्या बाजूनं खेळला गेला : जो बायडन यांच्या चमूनं आधी `@PresElectBiden` या नावानं खातं चालवून माणसं जमवली आणि शपथेच्या दिवशी त्याच खात्याची पाटी बदलून `@POTUS` केली; ट्रम्प यांच्या वेळचं खातं `@POTUS45` झालं. जमवलेली माणसं नव्या पाटीखाली तशीच आली. दोन्हीकडे यंत्रणा एकच, फक्त कुठल्या खात्याला कुठली पाटी लावायची हे आधी ठरवलं होतं की नाही एवढाच फरक.

महाराष्ट्रातलं उदाहरण याहून जवळचं आहे. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. त्यानंतर दोनच दिवसांत उद्धव ठाकरे यांच्या पक्षानं ट्विटरवरचं आपलं `@ShivSena` हे हँडल बदलून `@ShivSenaUBT_` केलं. पक्षाचं नाव नवं, खातं जुनं, म्हणून फॉलोअर सोबत आले. पण त्या घाईत दोन गोष्टी घडल्या. एक, खात्याची निळी खूण गेली, कारण ती खूण तपासलेल्या नावाशी बांधलेली होती. दोन, नव्या नावाच्या शेवटी अधोरेषा आली. कागदावर ती दिसते, पण फोनवर कोणी सांगताना ‘यूबीटी’ म्हणून थांबतो आणि शेवटची रेघ राहून जाते. रेघेविना टाइप केलेलं नाव वेगळंच खातं असतं. मी राजकारणावर बोलत नाही. तोंडानं नीट सांगता येईल असं हँडल निवडावं एवढंच म्हणतो, कारण आमच्याकडे ते बाजारात, एसटीत, तोंडानंच पसरतं.

नाव निवडण्यातच पुष्कळ काम असतं आणि ते बहुतेक जण शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. एक्सवर हँडल पंधरा अक्षरांचं असतं, त्याहून एकही जास्त चालत नाही. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर तीस चालतात. २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचं छत्रपती संभाजीनगर झालं. इंग्रजी लिपीत `aurangabad` ही दहा अक्षरं, `chhatrapatisambhajinagar` ही चोवीस. एक्सवर ते बसतच नाही. `osmanabad` चं `dharashiv` झालं, नऊची नऊच. `ahmednagar` चं २०२४ मध्ये `ahilyanagar` झालं, दहाची अकरा. ज्यांचं दुकान, संस्था, शाळा आपल्या हँडलमध्ये शहराचं नाव घेऊन बसली होती, त्यांच्यापैकी संभाजीनगरवाल्यांना आखूड रूप शोधावं लागलं, आणि जो तो आपापलं शोधतो म्हणून एकाच शहराची चार-पाच रूपं तयार झाली. आमच्या पोरानंही हाच हिशेब केला. `sangrampur` दहा अक्षरं, `buldhana` आठ, मध्ये अधोरेषा, एकूण एकोणीस. बसत नाही. शिवाय जिल्ह्याचं इंग्रजी लेखन कोणी `buldhana` करतं, कोणी `buldana`. म्हणून त्यानं जिल्हा सोडला आणि चौदा अक्षरांत बसणारं, अधोरेषा नसलेलं, तोंडी सांगता येणारं नाव घेतलं, आणि ते एक्स, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब या तिन्ही ठिकाणी मोकळं आहे हे आधी पाहून मगच ठरवलं.

आता त्यानं दुसऱ्यांदा जे केलं ते दिवसावार सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

वेळ निवडली एप्रिलची. पावसाळ्यात, वान नदीला पूर येण्याच्या दिवसांत, लोक ह्याचं खातं धावत धावत शोधतात. त्या दिवसांत पाटी बदलणं म्हणजे पाणी आल्यावर घराचा दरवाजा दुसऱ्या भिंतीत काढणं. निवडणुकीचे दिवसही टाळले. एक्सवर पैसे भरून निळी खूण घेतलेली असेल तर नाव बदलल्यावर ती काही काळ जाते, पुन्हा तपासून परत मिळते. त्या मधल्या काळात बातमी खरी की खोटी असा संशय कुणालाही येऊ शकतो.

पंधरा दिवस आधी त्यानं वही घेतली आणि जुनं नाव कुठं कुठं लिहिलं आहे ते लिहून काढलं. कृषी केंद्रातले चार कागद, एका मंगल कार्यालयाच्या फ्लेक्सचा कोपरा, स्वतःच्या मोटारसायकलीवरचं स्टिकर, इन्स्टाग्रामच्या बायोतली एक्सची लिंक, यूट्यूबच्या वर्णनातली इन्स्टाग्रामची लिंक, दोन मित्रांच्या पोस्टमधले उल्लेख. एक्सवर `@june_naav` असं शोधलं की कोणी कोणी आपला उल्लेख केला ते दिसतं, आणि ज्यांनी वारंवार केला आहे त्यांना आधी सांगून ठेवता येतं. त्याच वेळी त्यानं एक्सकडे आपल्या खात्याच्या सगळ्या माहितीची प्रत मागवली (`Download an archive of your data`). ती यायला एक-दोन दिवस लागतात. त्या प्रतीत `account.js` नावाची फाइल असते आणि तिच्यात `accountId` समोर तो आतला क्रमांक मिळतो. तो क्रमांक त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. `x.com/i/user/` पुढं तो टाकला की लॉगिन केलेल्या फोनवर खातं उघडतं, मग पाटी काहीही असो. यूट्यूबवर असाच क्रमांक `Advanced settings` मध्ये `Channel ID` म्हणून दिसतो.

तिसरं काम त्यानं केलं त्याला मी सगळ्यात जास्त मान देतो. वर्षाला हजाराच्या आत मिळणारं स्वतःचं एक `.in` डोमेन घेतलं आणि त्यावर काहीही न बांधता फक्त वाटा ठेवल्या. त्याच्या सर्व्हरवरच्या `.htaccess` फाइलमध्ये एवढ्याच ओळी आहेत :

```
Redirect 302 /x  https://x.com/nave_naav
Redirect 302 /ig https://www.instagram.com/nave_naav/
Redirect 302 /yt https://www.youtube.com/@nave_naav
```

यातला ३०२ हा आकडा मुद्दाम घातलेला आहे. ३०१ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘कायमचं तिकडे गेलं’ असा होतो आणि फोनचा ब्राउझर ते पाठ करून ठेवतो. उद्या पुन्हा नाव बदललं तरी तो जुन्या पाठांतरानुसार जुन्याच ठिकाणी नेतो. ३०२ म्हणजे ‘सध्या तिकडे’. दर वेळी तो नव्यानं विचारतो. आता छापायचे सगळे क्यूआर कोड या डोमेनचेच. क्यूआर कोडमध्ये लिंक कोरलेली असते, छापल्यावर ती बदलता येत नाही. पण ती आपल्या डोमेनची असेल तर पुढचं वळण आपल्या हातात राहतं. फुकटात ‘बदलता येणारा क्यूआर’ देणाऱ्या काही सेवा असतात. ह्यानं आधी तसाच एक घेतला होता, मुदत संपल्यावर तो पैसे भरायच्या पानावर जाऊ लागला. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तरी असंच होईल, म्हणून त्याची तारीखही वहीत आहे.

आठवडाभर आधी सगळीकडे एक पोस्ट वर पिन केली : ‘अमुक तारखेला आपल्या खात्याचं नाव बदलणार, खातं तेच, तुम्हाला काही करायचं नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर लोक घाबरून नवं खातं शोधायला जातात आणि खोट्याच्या हाती लागतात. फोटो बदलला नाही, आणि वरचं दिसणारं नाव दोन महिने ‘नवं नाव (पूर्वीचं जुनं नाव)’ असं ठेवलं. नाव बदलल्यावर फॉलोअर घटतात ते यंत्रणेमुळे घटत नाहीत. अनोळखी नाव आणि अनोळखी फोटो एकाच दिवशी दिसले की माणूस ‘हे कोण?’ म्हणत बटण दाबून निघून जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलली की तो थांबतो.

आणि मग बदलण्याचा दिवस. इथं त्याचा खरा धडा आहे. “जुनं नाव सोडाचं नाई काका,” तो मला म्हणाला. “तेले पह्यले कुंपन घालून ठेवा लागते.” पहिल्या वेळी त्यानं पाटी बदलली आणि जुनी तशीच रस्त्यावर सोडली. काही दिवसांनी कोणीतरी ती उचलली. त्या खात्यावर ह्याच्याच सारखा फोटो होता आणि तो माणूस ओळखीच्या लोकांना निरोप पाठवून पैसे मागत होता. `@june_naav` असे जे शेकडो उल्लेख जुन्या पोस्टांत पडून होते ते सगळे आता त्या माणसाच्या दारात जाऊन थांबत. तक्रार करून ते खातं बंद झालं, नाव मात्र लगेच परत मिळालं नाही; मिळालं तेव्हा त्यानं आपलं खातं पुन्हा त्याच नावावर आणलं.

दुसऱ्या वेळी, जुन्या नावावरून पुन्हा नव्यावर जाताना, त्यानं दोन फोन घेतले. दुसऱ्या फोनवर दुसऱ्या ई-मेलनं एक रिकामं खातं आधीच उघडून ठेवलं. पहिल्या फोनवर एक्सवरचं हँडल बदललं आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या फोनवरच्या रिकाम्या खात्याला सुटलेलं नाव लावलं. त्या खात्यावर वेगळा, करड्या रंगाचा फोटो, बायोत ‘आम्ही आता इथं आहोत’ आणि नव्याची लिंक, आणि एकच पिन केलेली पोस्ट. नाव नुसतं अडवून विकायला ठेवणं हे एक्सच्या नियमांविरुद्ध आहे, म्हणून ते खातं आपलंच आहे आणि वाट दाखवण्यासाठी आहे हे त्यावर स्पष्ट लिहिलं. एक्स खाती सक्रिय ठेवायला सांगतं, म्हणून महिन्यातून एकदा तिथं लॉगिन करायचं हेही वहीत लिहिलं. आता जुना क्यूआर स्कॅन केला तर पाटी मिळते, पाटीवरून नव्या घरी जाता येतं.

इन्स्टाग्रामवर हे जमलं नाही आणि ते अपेक्षितच होतं. तिथं नाव बदलल्यावर बहुधा चौदा दिवस जुनं नाव तुमच्यासाठी राखून ठेवतात, म्हणजे मन बदललं तर परत घेता यावं. त्या काळात दुसरं खातंही ते नाव घेऊ शकत नाही. मोठ्या खात्यांच्या बाबतीत नाव बदल आधी तपासणीलाही जाऊ शकतो. यूट्यूबवर याहून चांगली सोय आहे : चौदा दिवस जुनी आणि नवी दोन्ही लिंक चालतात, आणि त्या चौदा दिवसांत हँडल दोनदा बदलता येतं. पंधराव्या दिवशी जुनं मोकळं होतं. म्हणून एक्सचं काम त्याच मिनिटाचं, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबचं पंधराव्या दिवसाचं. त्यानं फोनमध्ये पंधराव्या दिवशी सकाळी सहाचा गजर लावला.

बदल झाला त्या संध्याकाळी आम्ही तपासायला बसलो. वहीतून दहा जुन्या लिंका निवडल्या आणि त्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, एकेक उघडल्या, कारण स्वतःच्या लॉगिन केलेल्या फोनवर पुष्कळ गोष्टी चालताना दिसतात आणि परक्याच्या फोनवर चालत नाहीत. एक्सच्या पोस्टच्या चार लिंका होत्या, चारही उघडल्या आणि पट्टीत नवं नाव उमटलं. एक्सच्या खात्याच्या दोन लिंका करड्या फोटोच्या पाटीवर जाऊन थांबल्या. इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट उघडली. इन्स्टाग्राम खात्याची लिंक मेली, `Sorry, this page isn’t available.` असं आलं, तिला त्यानं वहीत लाल फुली मारली. यूट्यूबची हँडलवाली लिंक उघडली, तिच्यापुढं त्यानं ‘१४ दिवस’ लिहिलं. व्हॉट्सअॅप चॅनेलची उघडली. दहातली एकच खऱ्या अर्थानं तुटली होती आणि ती कुठं छापलेली आहे हे त्याला माहीत होतं : मोटारसायकलीवरच्या स्टिकरवर.

फॉलोअरचा आकडा आदल्या रात्री लिहून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला तर किरकोळ खालीवर, रोज होतं तेवढंच. गूगलवर शोधलं तर अजून जुनंच नाव येत होतं. त्याला त्यानं हात लावला नाही. ते काही आठवड्यांत आपोआप बदलतं. एक छोटी अडचण आली, ती सांगायला हवी : त्याचा भाऊ त्या खात्यात वापरनावानं लॉगिन करत असे, आणि जुनं नाव टाकल्यावर आता ते आत घेईना. उलट जुनं नाव आता पाटीच्या खात्याचं होतं, त्यामुळे तो चुकीच्या खात्यावर चुकीचा पासवर्ड मारत राहिला. लॉगिन ई-मेलनं किंवा मोबाइल नंबरनं करायचं हे घरातल्या सगळ्यांना सांगितलं.

पंधराव्या दिवशी मी त्याच्याकडे नव्हतो. त्यानं सकाळी सव्वासहाला निरोप पाठवला, “इन्स्टाचं जुनं नाव भेटलं. यूट्यूबचं अजून सुटलं नाई, उद्या पुन्हा पाह्यतो.” दुसऱ्या दिवशी तेही मिळालं.

मेच्या शेवटी पुन्हा वरवट बकालला गेलो तेव्हा काउंटरवरच्या काचेखाली नवा कागद होता. जुनाही तिथंच होता, नव्याच्या खाली अर्धा दबलेला. दुकानदाराला म्हटलं, जुना काढून टाका आता. तो म्हणाला, “राहू द्या भाऊ, पोट्ट्यानं सांगतलं का तोबी चालते म्हणून.” मी दोन्ही स्कॅन करून पाहिले. जुन्यावर करडा फोटो आणि एक ओळ आली, ओळीवर बोट ठेवलं, आणि वानच्या पुलावर पाणी नाही, रस्ता मोकळा आहे, अशी त्या सकाळची पोस्ट उघडली.